अनुभव धागा: सराफाकडची ‘11 हप्ते तुमचे, 12वा आमचा’ योजना

तलावपाळी_कट्टा: माळा आवरताना सोने योजनेचं जुनं कार्ड सापडलं. 11 शिक्के, 12वा रकाना कोरा. तिकडे गोखले रोडवर दसऱ्याचे फलक लागलेच आहेत. ज्यांना हे आतून माहीत आहे त्यांनी लिहा: 12वा हप्ता खरंच फुकट असतो का, आणि मध्येच दुकानाला कुलूप लागलं तर काय?

ऐरोलीकर_माई: आमच्या भिशीत असलं काही नाही हो. 12 बायका, दर महिन्याला चिठ्ठी, जिचं नाव निघेल तिला पैसे. कुकर लावलाय, नंतर येते.

घडणावळ: माई, भिशी वेगळी. इथे पैसे परत मिळतच नाहीत, दागिनाच घ्यावा लागतो. खरी गोम तिथेच आहे.

हिशेब बघा. महिना 5,000, 11 हप्ते म्हणजे 55,000. दुकानदार 5,000 घालतो, 60,000 झाले. तेच पैसे बँकेत आवर्ती ठेवीत साडेसहा टक्क्यांनी टाकले तर तेवढ्याच काळात व्याज जेमतेम 1,800 होतं, म्हणजे 56,800. इथवर सराफ सरळ पुढे.

आता दुकानात चला. 22 कॅरेटचा भाव सोपा म्हणून 10,000 धरू. योजनेच्या ग्राहकाला मजुरी 18 टक्के लावली, वर 3 टक्के जीएसटी, की ग्रॅमला 12,154 पडतात. 60,000 मध्ये 4.94 ग्रॅम. बँकेतले 56,800 घेऊन गेलेल्याने घासाघीस करून मजुरी 12 टक्क्यांवर आणली तर ग्रॅम 11,536 ला, म्हणजे 4.92 ग्रॅम. बोनस गेला कुठे? मजुरीत. योजनेवरही 12 टक्केच लावून घेता आले तर 5.20 ग्रॅम मिळतात. म्हणून पहिला हप्ता भरायच्या आधी मजुरीचा दर कार्डावर लिहून घ्या. ‘चालू दराप्रमाणे’ एवढंच छापलेलं असेल तर तुमच्या हातात काही नाही.

नौपाडा_सून: बापरे. मी तर 5,000 फुकट म्हणून नाचत होते 😅

वाशी_सेक्टर17: घडणावळ, हिशेब बरोबर, पण सगळे असे नसतात. काही ठिकाणी बोनसच नाही, त्याऐवजी मजुरी ठराविक टक्क्यांपर्यंत माफ करतात. ते साध्या बांगडीला, चेनला फायद्याचं. तोडे, लक्ष्मीहार घ्यायला गेलात की मजुरी त्या मर्यादेच्या वर जाते आणि वरचा फरक तुम्हीच भरता. नाणं किंवा वळं बऱ्याच ठिकाणी योजनेत देतच नाहीत, कारण त्यावर मजुरी सुटत नाही.

डोंबिवली_फास्ट: लोकलमधून लिहितोय. घाबरायचं कारण नाही. कायद्याने 11 महिन्यांचीच योजना चालते, सरकारचं लक्ष असतं, पैसे बुडत नाहीत.

कागदपत्र_काका: अर्धं बरोबर, अर्धं धोक्याचं.

11 महिने का, ते आधी. कंपनीने मालापोटी आगाऊ घेतलेली रक्कम 365 दिवसांत मालात वळवली तर ती ‘ठेव’ धरली जात नाही, असं 2014 च्या ठेव नियमांत आहे. मुदत लांबवली तर ठेवींचे नियम लागतात, म्हणून सगळे वर्षाच्या आत आवरतात. पण यातून तुमच्या पैशाला हमी मिळत नाही, फक्त दुकानदार ठेवींच्या नियमांतून सुटतो. बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंत विमा आहे, सराफाकडे तो नाही. तुमचा हप्ता वेगळ्या पेटीतही जात नाही. तो गल्ल्यात जातो, त्यातून माल येतो, भाडं जातं, कधी दुसरी शाखा उघडते. दुकान बुडालं की तुम्ही बिनतारण घेणेकरी, आणि माल बँकेकडे तारण असला तर तिचा हात आधी पोचतो.

ठाणे-डोंबिवलीच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. ऑक्टोबर 2019 मध्ये ऐन दिवाळीच्या तोंडावर गुडविन ज्वेलर्सची दुकानं बंद झाली, तेव्हा महिन्याच्या योजनेतले हप्तेही अडकले आणि ठेवीही.

डोंबिवली_फास्ट: तो वेगळा प्रकार होता ना पण? ठेवींवर व्याज वगैरे.

कागदपत्र_काका: दोन्ही होतं, आणि खूण तिथेच असते. सराफाचा माणूस ‘दागिना नको तर पैसे ठेवा, व्याज देतो’ म्हणू लागला की समजा, दुकानाला रोख कमी पडतेय. दुसरी खूण म्हणजे मुदत भरूनही ‘डिझाइन यायचंय, पुढच्या आठवड्यात या’. तिसरी, ‘स्टॉक मोजणी सुरू आहे’ अशी पाटी लावून ऐन सणात दोन दिवस दुकान बंद. अशा वेळी थांबू नका. मुदत भरली असेल तर जो तयार दागिना समोर आहे तो घेऊन बाहेर पडा, नक्षी नंतर बदलता येईल.

नौपाडा_सून: आणि बुडालंच तर? कुठे जायचं?

कागदपत्र_काका: आधी पोलीस ठाण्यात. रक्कम आणि तक्रारदार जास्त असले की तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे जातो. महाराष्ट्रात ठेवीदारांसाठी 1999 चा एमपीआयडी कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त होते, विशेष न्यायालयाच्या आदेशाने विकली जाते आणि येतं ते तक्रारदारांना प्रमाणात वाटतात. याला वर्षं लागतात. तिथे कार्डावरच्या शिक्क्यापेक्षा बँकेचं स्टेटमेंट जास्त कामाला येतं, म्हणून हप्ता रोख देऊ नका. आणि पावतीवर नाव दुकानाचं आहे की मालकाच्या दुसऱ्याच फर्मचं, तेही बघा.

खारकर_आळी: भाव वाढला तर काय, हे कुणी बोललंच नाही. कार्डावर रुपये जमा होत असतील तर सोनं मुदतीच्या दिवशीच्या भावाने मिळतं. वर्षभरात भाव चढला की बोनस त्यातच बुडतो. काही ठिकाणी दर हप्त्याला त्या दिवशीच्या भावाने ग्रॅम जमा होतात, पासबुकात वजनच लिहितात. चढत्या भावात ते बरं. पण तिथे बोनस कमी असतो किंवा नसतोच. दोन्ही एकत्र मिळतं का, मला तरी दिसलं नाही.

वाशी_सेक्टर17: मला दिसलंय, पण मजुरी विचारू नका.

सीवूड्स_आजी: आमच्या नातीचं लग्न फेब्रुवारीत. योजना ऑगस्टमध्ये सुरू केली तर चालेल का?

घडणावळ: आजी, जमणार नाही. फेब्रुवारीपर्यंत सहा-सातच हप्ते होतील. मध्ये तोडली की बोनस जातो, काही ठिकाणी मुद्दलाचाही दागिनाच घ्यावा लागतो. त्यापेक्षा पैसे बँकेत ठेवा आणि लग्नाआधी महिनाभर घासाघीस करा. आणि मंगळसूत्र घेताना काळ्या मण्यांचं वजन वजा करून बिल मागा, मणी सोन्याच्या भावाने विकले जातात. दागिन्यावरच्या हॉलमार्कसोबतचा एचयूआयडी हा सहा अंकी-अक्षरी क्रमांक बीआयएस केअर अॅपवर टाकून बघा, शुद्धता तिथेच कळेल.

ऐरोलीकर_माई: कुकर झाला. सीवूड्स आजी, वाटी पेंडंट घेताय की डबल पदर?

सीवूड्स_आजी: नातीला वाटी नको म्हणे, ऑफिसला रोज घालायला लहानसं हवंय.

ऐरोलीकर_माई: मग तर वजन कमीच, योजना कशाला!

तलावपाळी_कट्टा: काका, माझ्या कार्डावर पावती दुकानाची नाही, ‘एंटरप्रायझेस’ असं काहीतरी आहे. फोटो टाकू का?

कागदपत्र_काका: इथे नको, कार्ड नंबर असतो. मागच्या बाजूच्या अटी आणि जीएसटी क्रमांक मेसेजमध्ये पाठवा. तोच क्रमांक दुकानाच्या बिलावर आहे का, ते आधी बघा.