सप्लिमेंट नेमकं कसं द्यायचं?

> आईचं खुब्याचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरांनी 'सप्लिमेंट द्या' एवढंच लिहिलंय. जेवणाबरोबर दिलं की ती जेवतच नाही.

सप्लिमेंट म्हणजे इथे कॅलरी आणि प्रथिनं देणारं पोषक पेय. चिठ्ठीत त्याचा प्रकार, मात्रा आणि वेळ लिहून घ्याच. उतारवयात सप्लिमेंटमधून दिवसाला किमान 400 किलोकॅलरी आणि 30 ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत. मधुमेह किंवा किडनीचा त्रास असेल तर प्रकार डॉक्टरच ठरवतील. जेवणाबरोबर नकोच, पोट आधीच भरतं. दिवसाची मात्रा चार भागांत वाटून दोन जेवणांच्या मधे किंवा गोळ्यांच्या वेळी द्या. पेल्यात किती उरलं ते रोज लिहा. निम्मं उरत असेल तर आग्रह करू नका. चव बदला, गार करून बघा. निदान महिनाभर चालू ठेवा. वजन स्थिरावलं आणि ताट नीट संपू लागलं की डॉक्टरांना विचारून कमी करत थांबवा, आणि पुढेही महिनाभर वजन बघत राहा.