मदत हवी आहे: भावाची मोठी रक्कम कॅसिनोवाले हप्त्याने देणार म्हणतायत, हे चालतं का?

भांडुपची_वर्षा
माझा धाकटा भाऊ माल्टाला हॉटेलात कामाला आहे, तिथे तो तिथल्याच लायसन्सवाल्या ऑनलाइन कॅसिनोत खेळतो (मला आवडत नाही, पण ते जाऊ दे), तर गेल्या महिन्यात त्याला एका स्लॉटवर १,८६,००० युरो लागले. केवायसी झालं, पैसे खात्यात दिसतायत पण काढायला गेला तर नियम दाखवले, आठवड्याला ५,००० आणि महिन्याला १५,०००. इकडे आई-बाबा मुलुंडला फ्लॅट बघून बसलेत, बिल्डर टोकन मागतोय. एवढी रक्कम अशी अडवून ठेवता येते का, आणि किती दिवस लागतील?

ठाणेकर_मन्या
ताई हिशेब सोपा आहे, आठवड्याला ५ म्हणजे महिन्याला २०, दहा महिन्यांत काम फत्ते. बिल्डरला तेवढं थांबव.

पाटील_काका
मन्या, दोन्ही मर्यादा एकदम लागतात आणि जी आधी भरते ती अडवते. पहिले तीन आठवडे पाच-पाच हजार निघतील, चौथ्याला रिक्वेस्ट टाकली की रिजेक्ट, कारण महिन्याचे पंधरा संपले. म्हणजे बारा महिने पंधरा-पंधरा आणि तेराव्याला उरलेले ६,०००. वर्षा, आधी एक सांग, तो जॅकपॉट प्रोग्रेसिव्ह होता का? म्हणजे बऱ्याच साइट मिळून एकच आकडा वाढत जातो तो? त्याचे पैसे बहुतेक वेळा गेम बनवणारी कंपनी पुरवते, म्हणून अनेक ऑपरेटर आपल्या नियमांत त्याला मर्यादेतून वगळतात आणि पूर्ण रक्कम एकदम देतात. साध्या स्लॉटचे पैसे मात्र ऑपरेटरच्या स्वतःच्या खिशातून जातात, म्हणून तिथे हप्ते.

भांडुपची_वर्षा
काका, साधा स्लॉट होता म्हणे, जॅकपॉट वगैरे काही लिहिलेलं नव्हतं 😞

रमी_किंग_विरार
माझं पण सेम! रमी ॲपवर माझे पैसे अडकलेत, कायदा आल्यापासून रोज सपोर्टला मेल टाकतोय, पॅन परत परत मागतात.

पाटील_काका
तुझं वेगळं रे. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानंतर आपल्याकडे पैसे लावून खेळायचे गेम बंद झाले, तू फक्त उरलेला बॅलन्स काढतोयस, त्यात पॅनची कटकट. वर्षाच्या भावाचं खातं व्हेरिफाय झालंय, पैसे नाकारलेही नाहीत, फक्त हळूहळू देतायत. तुझा वेगळा धागा काढ.

सायली_दादर
बोनस घेतला होता का त्याने? बोनसवर जिंकलं तर डिपॉझिटच्या इतक्या पटच देऊ असं कलम असतं, त्यात बाकीचे सरळ गायब होतात.

भांडुपची_वर्षा
नाही, स्वतःचे पैसे होते. पूर्ण आकडा त्यांनी चॅटवर मान्य केलाय.

पाटील_काका
मग ते चॅट आणि जिंकला त्या दिवशीचे नियम दोन्ही सेव्ह करायला सांग, नंतर नियम बदलले तर आधीचे दाखवता येतील. पण वर्षा, मला मर्यादेपेक्षा दुसरीच भीती जास्त वाटते. उरलेले दीड लाखांच्या वर युरो वर्षभर त्याच खात्यात राहणार, व्याज शून्य, आणि रात्री दोन वाजता लॉगिन केलं की खेळायला मोकळे. तेरा महिन्यांत किती जण सगळं काढतात आणि किती जण परत लावतात, हे त्या कंपनीला चांगलं माहीत असतं. काही साइटवर टाकलेली रिक्वेस्ट लॉक करून मिळते, म्हणजे ती कॅन्सल करून परत खेळता येत नाही, ब्रिटनमध्ये तर २०२१ पासून कॅन्सल करायची सोयच बंद केलीय. पण लॉक होते फक्त रिक्वेस्ट, बाकीचा बॅलन्स उघडाच. म्हणून उरलेली रक्कम गेमच्या वॉलेटमधून बाजूला काढून हप्त्यांचं लेखी वेळापत्रक द्या, अशी मेलवरून मागणी करायची, चॅटवर नाही.

ठाणेकर_मन्या
व्हीआयपी केलं तर लिमिट वाढतं ना?

पाटील_काका
वाढतं कधीकधी, पण व्हीआयपी व्हायला अजून खेळावं लागतं. त्यापेक्षा एवढ्या रकमेसाठी अपवाद करा म्हणून मॅनेजरला विचारलेलं बरं, कधी मान्य करतात कधी नाही. नाहीच ऐकलं तर आधी त्यांच्याकडे तक्रार, मग त्यांनी नियमांत दिलेल्या बाहेरच्या तंटा सोडवणाऱ्या संस्थेकडे. पण कलम आधीपासून लिहिलेलं असेल तर ती संस्था मर्यादा रद्द करेल याची खात्री मी देणार नाही.

भांडुपची_वर्षा
मेल टाकायला सांगितलंय. मन्या, तुझ्या दहा महिन्यांवर बाबा टोकन द्यायला निघाले होते, थांबवलंय 🙏 अजून एक, महिना म्हणजे एक तारखेपासून की पहिल्या रिक्वेस्टपासून तीस दिवस? त्याने पहिली २४ तारखेला टाकलीय.

सायली_दादर
माझ्या मते एक तारखेपासून.

पाटील_काका
साइटसाइटवर वेगळं असतं. तारीख एक उजाडली की नवीन रिक्वेस्ट टाकून बघायला सांग, आणि गेली की नाही ते इथे लिही.