ओळख वाढली, पसंती घसरली: ही घसरण खरी मानावी का?

प्रश्न – पाकीटबंद
आमची कंपनी कोल्हापूर, सांगली आणि सातारा या तीन जिल्ह्यांत कांदा-लसूण मसाला विकते. फेब्रुवारीत आणि जूनमध्ये आम्ही प्रत्येकी ३०० गृहिणींचे सर्वेक्षण करून घेतले. मधल्या काळात एसटी बसवर जाहिरात केली होती. यादी वाचून दाखवल्यावर आमचे नाव ओळखणाऱ्या ७० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेल्या, पुढच्या खरेदीत आमचा विचार करू म्हणणाऱ्या ४५ वरून ४६ टक्के झाल्या, पण पहिली पसंती २४ वरून १९ वर आली. संचालक जाहिरात थांबवा म्हणत आहेत. थांबवावी का?

विक्रीवाला
थांबवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फेब्रुवारीत ओळखणाऱ्या १०० जणींपैकी ६४ तुमचा विचार करत होत्या, जूनमध्ये त्या ५८ वर आल्या. नाव पोहोचले, पण मनात जागा मिळाली नाही, याचाच अर्थ जाहिरातीचा मजकूर कमकुवत आहे. पसंतीचा आकडा तेच सांगतो.

फेरीमागूनफेरी
मी बारा वर्षे अशी सर्वेक्षणे हाताळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ६४ वरून ५८ हा भागाकार बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. ज्या बायकांनी तुमचे नाव गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा बसवर वाचले, त्या लगेच विचार करू लागतील अशी अपेक्षा कोणत्याच मसाल्याकडून ठेवता येत नाही. फेब्रुवारीत ओळखणाऱ्या २१० होत्या, जूनमध्ये २४०, आणि विचार करणाऱ्या १३५ वरून १३८ झाल्या. छेदात नवख्या भरल्या की गुणोत्तर खाली येतेच, जुन्यांपैकी एकीनेही पाठ फिरवली नसली तरी. ओळख वाढत असताना हे गुणोत्तर पाहू नये, एकूण ३०० पैकी किती जणी, हाच आकडा पाहावा.

पसंतीकडे येऊ. प्रत्येक फेरीत ३०० जणी असतील आणि आकडा २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर दोन फेऱ्यांमधला सुमारे साडेसहा अंकांपर्यंतचा फरक केवळ कोणती घरे निवडली गेली यामुळेही पडू शकतो. ओळखीतली १० अंकांची वाढ ही मर्यादा ओलांडते, पसंतीतली ५ अंकांची घट ओलांडत नाही. तेव्हा कंपनीने ज्या आकड्यावर निर्णय घ्यायचे ठरवले आहे, तोच सर्वांत डळमळीत आहे.

एक माहिती द्याल का? दोन्ही फेऱ्यांत गेल्या तीन महिन्यांत तुमचा मसाला वापरलेल्या किती होत्या, आणि त्यांची व इतरांची पसंती वेगवेगळी किती आली?

कोकमघर
आमच्या कोकम सरबताबद्दल आम्हीही असाच शोध घेतला होता. म्हापशाच्या प्रदर्शनात स्टॉलवर आलेल्या ६० जणांना विचारले, तर ५० जणांना नाव ठाऊक होते. एवढा खर्च करून एजन्सी नेमण्याची खरेच गरज असते का?

फेरीमागूनफेरी
जे तुमच्या स्टॉलवर, तुमच्या फलकाखाली उभे होते, त्यांना नाव ठाऊक असणारच. शक्य असेल तर पुढच्या वेळी स्टॉलपासून दूर, आधी कोणतेही नाव न घेता, “सरबताची कोणती नावे आठवतात?” एवढेच विचारा आणि मगच यादी वाचा. यादीत अस्तित्वात नसलेले एक नावही घाला. तेही १० जणांना ओळखीचे वाटले, तर बाकीच्या आकड्यांत किती फुगवटा आहे याचा अंदाज येतो. मूळ प्रश्न मात्र दोन फेऱ्यांच्या तुलनेचा आहे.

पाकीटबंद
एजन्सीकडून आकडे मागवले. फेब्रुवारीत आमचा मसाला वापरणाऱ्या ७८ होत्या, त्यांतल्या ६० जणींनी आम्हाला पहिली पसंती दिली. न वापरणाऱ्या २२२ पैकी १२ जणींनी. जूनमध्ये वापरणाऱ्या ६०, त्यांतल्या ४६ जणींची पसंती. न वापरणाऱ्या २४० पैकी ११ जणींची.

फेरीमागूनफेरी
हा तक्ता खूप काही सांगतो. वापरणाऱ्यांमध्ये पसंती दोन्ही वेळा ७७ टक्के आहे, न वापरणाऱ्यांमध्ये दोन्ही वेळा ५ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही गटांचे मत जागच्या जागी आहे. बदलले ते गटांचे प्रमाण. पसंती बहुतांशी वापराच्या मागे चालते आणि माणसे जे वापरतात त्याचेच कौतुक करतात, हे बाजारसंशोधक एहरेनबर्ग यांनी १९६० च्या दशकापासून अनेक वस्तूंच्या बाबतीत दाखवले आहे. त्यामुळे नमुन्यात वापरणाऱ्या कमी आल्या की पसंती आपोआप उतरते.

विक्रीवाला
मग तुम्ही माझेच म्हणणे सिद्ध केलेत! वापरणाऱ्या ७८ वरून ६० झाल्या, याला गिऱ्हाईक तुटणे म्हणतात. मत बदलले नाही म्हणून समाधान कसे मानायचे? मी वितरकांकडे रोज जातो. दुकानातली फळी रिकामी होते तेव्हा सर्वेक्षणाच्या पुढच्या फेरीची वाट पाहणारी कंपनी सहा महिने हरलेली असते.

उन्हाळकाम
आपल्याकडे वर्षाचा मसाला एप्रिल-मे मध्ये होतो, हे कुणीच लक्षात घेतलेले दिसत नाही. आमच्या घरी मिरच्या वाळवून, डंखावरून कुटून आणलेला मसाला जूनमध्ये बरणीत ताजा असतो. तेव्हा कुणी पाकीट विचारले तर आई सरळ “आम्ही विकतचा वापरत नाही” असे सांगेल. फेब्रुवारीत तीच बरणी तळाला गेलेली असते आणि पाकीट आणले जाते. जूनच्या सुमारास सर्वच कंपन्यांची पाकिटे कमी खपली का, ते पाहा.

फेरीमागूनफेरी
हा मुद्दा माझ्या ध्यानात यायला हवा होता. पाकीटबंद भाऊ, कोणत्याही कंपनीचा तयार मसाला वापरणाऱ्या किती होत्या?

पाकीटबंद
फेब्रुवारीत २४३, जूनमध्ये १९८.

फेरीमागूनफेरी
म्हणजे तयार मसाला घेणाऱ्यांमध्ये तुमचा हिस्सा ३२ टक्क्यांवरून ३० वर आला. एवढ्या छोट्या गटात हा फरक नसल्यातच जमा. बाजारच आकसला, त्याबरोबर तुम्ही आकसलात. फेब्रुवारीची तुलना पुढच्या फेब्रुवारीशी आणि जूनची जूनशी करा. फेऱ्यांऐवजी दर आठवड्याला ५० मुलाखती घेऊन प्रत्येक वेळी मागच्या १२ आठवड्यांची सरासरी काढलीत तर ६०० जणींचा आधार मिळेल आणि हंगामाचा चढउतारही दिसेल. मात्र त्या सरासरीची रेघ गुळगुळीत दिसते, कारण लागोपाठच्या दोन बिंदूंमध्ये ११ आठवडे सामाईक असतात. सलग उतरती रेघ दिसली म्हणून सलग घसरण समजू नका.

विक्रीवाला
हंगामाचा मुद्दा मी मान्य करतो, तरी पूर्ण नाही. मागच्या वर्षीचा जून तुमच्याकडे नाही, त्यामुळे ही घट दरवर्षीची आहे हेही आज सिद्ध होत नाही. शिवाय बाजार आकसतो तेव्हा कोण टिकते, यावरच कंपनीची ताकद कळते. मी असतो तर वितरकांकडून गेल्या तीन वर्षांची महिनावार पेट्यांची विक्री काढली असती. ती तुमच्या हातातच आहे.

फेरीमागूनफेरी
ती काढाच, यात आपला वाद नाही. पण दुकानदाराने किती पेट्या उचलल्या हे त्यातून कळते, घरात किती पाकिटे गेली हे नाही. योजना आली की दुकानदार मेमध्येच माल भरून ठेवतो.

पाकीटबंद
मे महिन्यात आमची दहावर एक पाकीट मोफत अशी योजना चालू होती. आता जूनचे विक्रीचे आकडे कसे वाचावेत, हा नवाच पेच झाला आहे. जाहिरातीचा निर्णय मी ऑगस्टपर्यंत पुढे ढकलून मागितला आहे. संचालकांनी अजून होकार दिलेला नाही.