ईमेलखालचा डिस्क्लेमर: दोन ओळी पुरतात की वकिली परिच्छेदच हवा?

शेड_बारा
आमची भोसरीत छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, शीट मेटलचे ब्रॅकेट आणि पॅनल बनवतो. बाहेर मेल तिघांचे जातात, मी, सेल्सवाला आणि अकाउंट्सच्या ताई. आजवर खाली नुसतं रिगार्ड्स आणि नाव असायचं. आता भाच्याने सिग्नेचर बनवून दिलीय, अख्खी एक इमेज, त्यात लोगो, नंबर, सर्टिफिकेटचे शिक्के आणि खाली नेटवरून उचललेला बारा ओळींचा डिस्क्लेमर. मेल गोपनीय आहे, चुकून आला तर डिलीट करा, व्हायरसला आम्ही जबाबदार नाही, यातलं काहीही कंपनीवर बंधनकारक नाही, वगैरे. दुसरा डायरेक्टर म्हणतो भारदस्त दिसतंय राहू दे, मला वाटतं कोण वाचतंय. नेमकं काय ठेवू?

कडक_पर्चेस
राहू द्या की, काय बिघडतंय. मी मोठ्या कंपनीच्या पर्चेसला आहे, आमच्या प्रत्येक मेलखाली असतो. ते कायदेशीर संरक्षण असतं, उद्या तुमचं ड्रॉइंग चुकून तिसऱ्याच व्हेंडरला गेलं आणि खाली काही लिहिलेलंच नसेल तर त्याला बोलणार कशाच्या जोरावर? आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, वगैरे कोणी सुचवलं तर ते लेटरहेडसाठी असतं, मेलला लागत नाही.

साक्षांकित
मी कंपनी सेक्रेटरीचं काम करतो. कडकभाऊ, तुमचं शेवटचं वाक्य आधी घेतो कारण तिथे दंड आहे. कंपनी कायदा 2013 चं कलम 12(3)(सी) म्हणतं की कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन, फोन, आणि असतील तर ईमेल आणि वेबसाइट, हे सगळं बिझनेस लेटर, बिलं, लेटर पेपर, नोटिसा आणि इतर अधिकृत प्रकाशनांवर छापलेलं हवं. चुकलं तर दिवसाला 1000 रुपये, कमाल 1 लाख, आणि तो कंपनीला वेगळा आणि जबाबदार अधिकाऱ्याला वेगळा. आता मेल म्हणजे बिझनेस लेटर का? कलमात ईमेल हा शब्द त्या अर्थाने नाही हे मान्य, ब्रिटनमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय आपल्याकडे नाही. पण आयटी कायदा 2000 चं कलम 4 सांगतं की कायद्याला लेखी हवं असेल तिथे इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड चालतं, मग कोटेशन मेलने जातं, ऑर्डर मेलने येते, आणि वेळ आली की आम्ही म्हणणार हे पत्रच नव्हे? मी माझ्या क्लायंटना एवढंच सांगतो की एका ओळीचा प्रश्न आहे, टाकून मोकळे व्हा. एलएलपी असेल तर एलएलपी कायद्याचं कलम 21, तिथे 'अधिकृत पत्रव्यवहार' असाच शब्द आहे त्यामुळे वादाला जागा आणखी कमी.

आणि शेड_बारा, एक विचारतो, नोंदणीकृत पत्ता भोसरीचाच आहे ना?

शेड_बारा
नाही, तो निगडीच्या फ्लॅटचा आहे, माझ्या घरचा. भाच्याने भोसरीच्या शेडचा टाकलाय. घरचा पत्ता सगळ्या कस्टमरना द्यायचा म्हणजे जरा कसंतरी वाटतं.

साक्षांकित
बहुतेकांचं नेमकं इथेच हुकतं. कायद्याला निगडीचा लागतो, शेडचा नाही, शेड हवा तर 'वर्क्स' म्हणून वेगळा द्या. आणि घरचा पत्ता लपवून उपयोग नाही, एमसीएच्या साइटवर कंपनीचं नाव टाकलं की कोणालाही दिसतो. अगदीच नको असेल तर फॉर्म भरून नोंदणीकृत कार्यालयच शेडवर हलवा.

टोकन_घ्या
अहो ईमेलवर सही करायची तर डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं सर्टिफिकेट लागतं. क्लास 3 चं यूएसबी टोकन घ्या, केवायसीला व्हिडिओ करावा लागतो, माझं दोन वर्षांचं आहे. जीएसटीला पण तेच चालतं.

टेबल_टॅग
टोकनभाऊ ती सही वेगळी, इथे मेलच्या खालच्या नाव-पत्त्याचं चाललंय 😄

शेड_बारा, डिस्क्लेमरचं ते लोक बघतील, पण ती इमेज आधी काढा. माझं काम ऑफिसांची मेल सेटअप करायचं आहे आणि यावरच्या तक्रारी ठरलेल्या असतात. समोरच्याच्या आउटलुकमध्ये बाहेरच्या इमेज बरेचदा बंद असतात, मग तुमच्या नावाच्या जागी रिकामी चौकट दिसते, नंबर नाही पत्ता नाही सीआयएनपण नाही, म्हणजे साहेब वर सांगताहेत तो कायदा पाळूनही न पाळल्यासारखा. दिसलीच तरी इमेजमधला नंबर मोबाइलवर बोट लावून डायल होत नाही आणि कॉपी पण होत नाही. आउटलुकवरून पाठवली तर ती बरेचदा image001.png अशी अटॅचमेंट बनून जाते, दहा वेळा रिप्लाय झाला की समोरचा माणूस तुमचं ड्रॉइंग शोधताना त्या दहा लोगोंतून शोधतो. कधी स्वतःलाच मेल पाठवून इमेज बंद करून बघा, लगेच कळेल काय उरतं ते.

मजकूर मजकूर म्हणूनच टाइप करा. लोगो ठेवायचाच असेल तर छोटा, दिसायला दीडशे पिक्सेल रुंद पुष्कळ झाला, फाइल मात्र तीनशेची ठेवा म्हणजे मोबाइलवर धूसर दिसत नाही, आणि बॅकग्राउंड पारदर्शक नको कारण काळा लोगो डार्क मोडमध्ये गायब होतो. सर्टिफिकेटचे शिक्के वेबसाइटवर शोभतात. आणि जीमेलमध्ये नव्या मेलची आणि रिप्लायची सिग्नेचर वेगवेगळी ठेवता येते ते बऱ्याच जणांना माहीतच नसतं, सेटिंगमध्ये दोन खाने शेजारी शेजारीच आहेत. मोबाइल अॅपची सिग्नेचर पण वेगळी, ती साधा मजकूरच घेते, ती प्रत्येकाच्या फोनवर जाऊन भरावी लागते नाहीतर सेल्सवाला रस्त्यावरून पाठवेल ते मेल उघडे जाऊ शकतात.

कडक_पर्चेस
इमेजचं पटलं. पण डिस्क्लेमर उडवायला कोणी सांगितलं नाही अजून. 'बंधनकारक नाही' हे वाक्य तर सोन्यासारखं आहे, सेल्सवाल्याने काही कबूल केलं तर कंपनी सुटते.

साक्षांकित
सुटत नाही हो. एक उदाहरण मनात धरा. कस्टमर लिहितो 400 ब्रॅकेट हवेत, रेट अमुक, 20 तारखेला पाहिजेत. सेल्सवाला उत्तर देतो, ओके सर कन्फर्म, 20 ला डिस्पॅच. खाली बारा ओळींत कुठेतरी 'यातलं काही बंधनकारक नाही'. 20 ला माल गेला नाही आणि कस्टमरची लाइन थांबली. आता तो मेलची साखळी पुढे करणार आणि तुम्ही तळटीप. वरती माणसाने स्वतः टाइप केलेलं 'कन्फर्म' आणि खाली प्रत्येक मेलला, वाढदिवसाच्या शुभेच्छांनासुद्धा, आपोआप चिकटणारी ओळ, यात वजन कशाला येईल सांगा. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अॅल्युमिनियम प्रकरणात बॉक्साइटचा करार ईमेलच्या देवाणघेवाणीतून पक्का झाला असं धरलं, सह्यांचा औपचारिक कागद व्हायचा बाकी असताना. आयटी कायद्याचं कलम 10ए पण तेच सांगतं, करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो नाकारता येत नाही.

तुम्हाला खरंच बांधून घ्यायचं नसेल तर ते कोटेशनच्या मजकुरातच लिहा, 'हे कोटेशन 15 दिवस वैध, ऑर्डर आमच्या लेखी ऑर्डर अॅक्सेप्टन्सनंतरच पक्की', आणि सेल्सवाल्याला सांगा 'कन्फर्म' हा शब्द वापरायचा नाही, 'नोंद घेतली, अॅक्सेप्टन्स पाठवतो' असं लिहायचं. सिग्नेचर बदलण्यापेक्षा ही सवय लावणं जास्त कामाचं आहे.

कडक_पर्चेस
बरं तो भाग सोडतो. पण गोपनीयतेचं? आमच्या व्हेंडर अॅग्रीमेंटमध्ये चक्क लिहिलंय की जी माहिती 'कॉन्फिडेन्शियल' म्हणून मार्क केलेली असेल तीच गोपनीय धरली जाईल. मग मार्क नको का करायला?

साक्षांकित
हा मुद्दा बरोबर आहे आणि यात मी तुमच्या बाजूने आहे. फक्त जागा चुकतेय. ज्या मेलला ड्रॉइंग जोडलंय त्याच्या सब्जेक्टमध्ये आणि ड्रॉइंगच्या पानावर मार्क करा. सगळ्याच मेलवर छापलं तर खरंच गोपनीय काय होतं हे तुम्हालाच वेगळं दाखवता येणार नाही. आणि ज्याला मेल चुकून गेला त्याने तुमच्याशी काही कबूल केलेलं नसतं, तुम्ही एकतर्फी 'डिलीट करा' म्हटल्याने त्याच्यावर करार लादला जात नाही. विनंती म्हणून ठीक आहे, धमकी म्हणून पोकळ.

कडक_पर्चेस
विनंती तर विनंती, पण कोर्टात निदान 'आम्ही सांगितलं होतं' म्हणता येतं. मी काढणार नाही.

मसाला_कोल्हापूर
मधेच विचारते, माझी प्रोप्रायटरशिप आहे, कांदा-लसूण मसाला करते आणि दुकानदारांना मेलवर रेट पाठवते. मला सीआयएन नाही मग जीएसटी नंबर टाकू का, फूड लायसन्सचा पण? आणि बँक डिटेल सिग्नेचरमध्येच टाकले की पेमेंट लवकर येईल असं एकाने सांगितलं.

साक्षांकित
ताई, कलम 12 कंपन्यांसाठी आहे, तुम्हाला लागू नाही. जीएसटी नंबर दुकानाच्या पाटीवर आणि बिलावर, फूड लायसन्सचा नंबर पाकिटावर आणि बिलावर, मेलला सक्ती कशाचीच नाही. दुकानदाराला बिल मागवायला सोपं जातं म्हणून जीएसटी नंबर टाकायचा तर टाका. बँक डिटेल मात्र नको. खातं बदलल्याचा खोटा मेल पाठवून पैसे वळवायचे प्रकार सर्रास चालतात, तुमच्यासारखाच पत्ता, एखादं अक्षर इकडचं तिकडे, आणि खाली तुमचीच सिग्नेचर जशीच्या तशी. लोकांना सिग्नेचरमध्ये खातं बघायची सवय लागली की तिथला आकडा बदललेला कोणाच्या लक्षातही येत नाही. डिस्क्लेमरमध्ये माझ्या मते एकच ओळ कमवून देते, ती याबद्दलची.

टेबल_टॅग
ती ओळ चोर पण कॉपी करतोच की, खाली स्वतःचा नंबर टाकून.

साक्षांकित
म्हणून त्या ओळीत नंबर द्यायचाच नाही, 'जुन्या बिलावरच्या नंबरवर' असं लिहायचं. शेड_बारा, मी मराठीत लिहितो, तुम्ही इंग्रजीत करून घ्या:

नाव, हुद्दा
कंपनीचं पूर्ण नाव, 'प्रायव्हेट लिमिटेड'सकट
नोंदणीकृत कार्यालय: निगडीचा पत्ता
सीआयएन, फोन +91 लावून, ईमेल, वेबसाइट
आमचं बँक खातं बदललं तर आम्ही ते नुसत्या ईमेलने कळवत नाही. तसा मेल आला तर पैसे पाठवण्याआधी आमच्या जुन्या बिलावरच्या नंबरवर फोन करा.

शेड_बारा
हे आवडलं. अकाउंट्सच्या ताई म्हणतात बँकेची ओळ लगेच टाका, त्यांना मागच्या महिन्यात एका सप्लायरच्या नावाने तसाच मेल आला होता, फोन केला म्हणून वाचलो. सेल्सवाला म्हणतो रिप्लायला एवढं लांबलचक नको, नुसतं नाव-नंबर ठेवू. चालेल का?

साक्षांकित
पहिल्या मेलला आणि कोटेशन, बिल जोडलेल्या मेलला पूर्ण ठेवा. गप्पांच्या रिप्लायला छोटी ठेवली तर कोणी पकडल्याचं मी पाहिलेलं नाही, पण ऑर्डर बऱ्याचदा रिप्लायमध्येच पक्की होते, त्यामुळे छातीठोक 'चालेल' म्हणणार नाही. मी असतो तर सीआयएनची ओळ रिप्लायलाही ठेवली असती.

टेबल_टॅग
माझं मत उलटं, रिप्लायला बँकेची ओळ ठेवा आणि सीआयएन काढा, खोटे मेल चालू साखळीतच घुसतात.

कडक_पर्चेस
आणि त्या दुसऱ्या डायरेक्टरला विचारलंत का? ते बारा ओळी सोडतील असं वाटत नाही मला.

शेड_बारा
विचारलं. म्हणतात बारा नाही तर निदान चार ओळी तरी ठेव, मोठ्या कंपन्या ठेवतात ना. सोमवारी बसतोय.