रिकामा खिसा आणि वहीतल्या रेघा

> फोन कपाटात ठेवून चार दिवस झाले. अस्वस्थपणा कमी व्हायच्या ऐवजी वाढतोय. हे असंच असतं का?

माझंही चौथ्या दिवशीच सगळ्यात वाईट झालं होतं. मी तीन आठवडे कॉलपुरता साधा बटणांचा फोन टेबलावर ठेवला होता. हात खिशाकडे गेला की वहीत एक रेघ मारायची, एवढाच नियम. पहिल्या दिवशी ३१ रेघा, चौथ्या दिवशी ४४. मांडीवर खोटी थरथरही जाणवायची, खिसा रिकामा असताना! कापड जरा घासलं तरी सवयीने मेंदू त्याला कंपन समजतो.

मग रेघेशेजारी त्या वेळी काय करत होतो तेही लिहू लागलो. कंटाळा आला म्हणून हात गेल्याच्या नोंदी थोड्याच निघाल्या. बहुतेक रेघा सांध्यांवरच्या होत्या: एक काम संपून दुसरं सुरू व्हायच्या आधी, लिफ्टची वाट बघताना, आणि हमखास एखादं अवघड ईमेल लिहिताना मध्येच.

दुसऱ्या आठवड्यात रेघा घटल्या, पण मी फसलो होतो. तेच सांधे आता फ्रिज उघडून भरत होतो. (भूक अजिबात नसायची.) म्हणून फ्रिजच्याही रेघा मोजल्या.

तिसऱ्या आठवड्यात त्या जागी टाळलेले विचार आले. एका मित्राशी अर्धवट राहिलेलं भांडण तीन दिवस डोक्यात फिरत होतं. शेवटी त्याच बटणांच्या फोनवरून त्याला कॉल केला. त्या दिवशी रेघा ११.

तुम्ही हात कधी जातो ते लिहून ठेवताय का?