डायबोरेन: बारा इलेक्ट्रॉनांचा हिशोब

> "पीयूसीच्या वर्गात ठिपके मांडले तर दोन इलेक्ट्रॉन कमी पडतात. मग B₂H₆ टिकतं कसं?"

दादा, इथेनसारखे सात बंध धरले तर 14 इलेक्ट्रॉन लागतात. इथं आहेत 12. एक बंध म्हणजे दोनच अणू, हे धरून चालल्यामुळे घोळ होतो.

टोकाच्या चार B–H बंधांत 8 गेले, उरले 4. उरलेले दोन हायड्रोजन दोन बोरॉनच्या मधे पुलासारखे बसतात. आता एकच पूल बघा. दोन बोरॉनचं एकेक sp³ आणि हायड्रोजनचं 1s, या तीन ऑर्बिटलांतून रेणूची तीन ऑर्बिटलं होतात. तिन्ही एका फेजमध्ये असली की बॉन्डिंग. बोरॉनची दोन विरुद्ध फेजमध्ये असली तर हायड्रोजनवरच नोड येतो, ते साधारण नॉनबॉन्डिंग. तिसरं अँटिबॉन्डिंग. दोन इलेक्ट्रॉन बॉन्डिंगमध्ये मावतात, वरची दोन्ही रिकामी. दुसरा पूलही असाच.

जोडी तिघांत वाटली गेल्यानं पुलाचा B–H लांब, 1.33 अँगस्ट्रॉम, टोकाचा 1.19.