निविदा समितीपुढे टीम लीडरची ओळख

"नागपुरात जलवाहिनीच्या सल्लागार-निविदेचं सादरीकरण आहे. टीम लीडर म्हणून दोन मिनिटांत स्वतःबद्दल काय सांगू?"

'दांडगा अनुभव' असं म्हणू नका, त्याला गुण देता येत नाहीत. समितीसमोर तुमचा सीव्ही आणि अनुभवाची प्रमाणपत्रं असतात. त्यांच्याशी जुळणारं एकच काम नीट सांगा: "४२ किलोमीटर वितरण वाहिनीवर मी २०१७ ते २०२० निवासी अभियंता होतो. मोजमापं तपासणं आणि दाबचाचणीच्या नोंदींवर सही करणं माझ्याकडे होतं. प्रमाणपत्र पान ११८ वर आहे." यात 'आम्ही' नाही, 'मी' आहे, हे फार महत्त्वाचं.

घोळ होतो तो आकड्यांत. प्रमाणपत्रात पूर्ण झालेले ४२ किलोमीटर आहेत आणि तोंडी तुम्ही मंजूर लांबी ६० सांगितलीत, की पुढच्या प्रत्येक आकड्यावर शंका येते. दोन कामांच्या तारखा एकमेकींवर येत असतील, तर कुठे पूर्णवेळ होता ते विचारण्याआधीच सांगा. निविदा भरण्याच्या मुदतीनंतर मिळालेलं प्रमाणपत्र मात्र समितीपुढे ठेवू नका. गुणांसाठी ते सहसा धरत नाहीत.

नागपूरच्या साइटवर महिन्याला किती दिवस असाल हेही सांगाच, पण आकडा प्रस्तावातल्या मनुष्यबळ तक्त्यातलाच हवा.